सहाचे अवयव आणि न सापडणारा मसावि

सहाचे मूळ अवयव पाडा म्हटलं की कुणीही दोन गुणिले तीन असं सांगून मोकळा होतो. पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. पण पूर्णांकांमध्ये वजा पाचाच्या वर्गमुळाची भर घातली, म्हणजे अ + ब√−५ अशा रूपाच्या सगळ्या संख्या घेतल्या (अ आणि ब साधे पूर्णांक), की हाच सहा दोन तऱ्हांनी फुटायला लागतो.

६ = २ × ३
६ = (१ + √−५)(१ − √−५)

दुसरी ओळ तपासायला कंस सोडवले की झालं: १ − (−५), म्हणजे ६. बीजगणिताच्या पुस्तकांत हे उदाहरण एक अपशकुन म्हणून येतं. अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम इथे मोडतो, असं सांगून पुस्तक पुढच्या व्याख्येकडे वळतं. मला मात्र मोडण्यापेक्षा त्यानंतरची दुरुस्ती जास्त आवडते, कारण ती कागदावर हाताने करता येते. मोठं काही लागत नाही. सम-विषम आणि तीनने भागल्यावर उरणारी बाकी, एवढ्यावर सगळं भागतं.

पहिली शंका रास्त असते. बारा म्हणजे ३ × ४ आणि २ × ६ हेसुद्धा आहेच की. तिथे आपण घाबरत नाही, कारण ४ आणि ६ अजून फुटतात आणि शेवटी दोन्हीकडून २ × २ × ३ हेच हाती येतं. मग इथेही अवयव पाडणं अर्धवट राहिलं असेल. २, ३, १ + √−५, १ − √−५ यांतलं कुणी तरी अजून फुटत असेल.

ते बघायला नॉर्म नावाचं एक साधन आहे. अ + ब√−५ चा नॉर्म म्हणजे अ² + ५ब². दोन संख्यांचा गुणाकार केला की त्यांच्या नॉर्मचाही गुणाकार होतो, म्हणून संख्येचे अवयव पडले तर तिच्या नॉर्मचेही पडले पाहिजेत. २ चा नॉर्म ४, ३ चा ९, आणि १ ± √−५ या दोघांचा ६. ज्यांचा नॉर्म १ आहे अशा संख्या फक्त १ आणि −१, त्यांनी भागून काही बदलत नाही. तेव्हा २ खरोखर फुटायचा असेल तर २ नॉर्मचे दोन तुकडे हवेत, ३ फुटायचा असेल तर ३ नॉर्मचे दोन, आणि १ + √−५ फुटायचा असेल तर एक २ नॉर्मचा आणि एक ३ नॉर्मचा.

आता अ² + ५ब² = २ सोडवून बघा. ब शून्य असेल तर अ² = २ होत नाही. ब शून्य नसेल तर बेरीज पाचाच्या खाली येतच नाही. ३ साठीही हेच. म्हणजे २ आणि ३ नॉर्मच्या संख्या इथे नाहीतच, आणि त्या नाहीत म्हणून चौघांपैकी कुणीच फुटत नाही. २ आणि १ + √−५ यांचे नॉर्म वेगळे, तेव्हा चिन्ह बदलून एकाचा दुसरा झाला असंही नाही. दोन्ही फोडी पूर्ण आहेत आणि खरोखर वेगळ्या आहेत.

इथे एक गोष्ट शाळेच्या सवयीमुळे निसटते. मूळ संख्या म्हणजे जी पुढे फुटत नाही, असं आपण शिकतो. तिचा दुसरा गुण, की ती गुणाकाराला भागत असेल तर त्यातल्या एकाला तरी भागलीच पाहिजे, हा आपण फुकटात मिळाल्यासारखा वापरत राहतो. साध्या पूर्णांकांत हे दोन्ही गुण बरोबर नांदतात. इथे त्यांची फारकत होते. २ फुटत नाही हे खरं, पण (१ + √−५)(१ − √−५) ला तो भागतो आणि दोघांपैकी एकालाही भागत नाही, कारण कंसांतल्या १ आणि ±१ यांचे अर्धे पूर्णांक नसतात. एकमेव अवयवांचा नियम खरं तर दुसऱ्या गुणावर उभा असतो.

हा फरक नजरेआड झाला की भली माणसंही फसतात. १ मार्च १८४७ रोजी गाब्रिएल लामे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मिळाल्याचं जाहीर केलं. त्यांची मांडणी अशाच, पण एकच्या घातमुळांपासून बनणाऱ्या संख्यांवर होती. जोसेफ लिऊव्हिल तिथेच म्हणाले, की या संख्यांचे अवयव एकाच प्रकारे पडतात हे आधी दाखवायला हवं. मे महिन्यात एर्न्स्ट कुमर यांचं पत्र आलं: तसं नेहमी होत नाही, हे त्यांनी काही वर्षांपूर्वीच छापलं होतं, आणि त्यावर तोडही शोधली होती. त्या तोडीला आज वापरलं जाणारं रूप रिखार्ड डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये दिलं. पुढे आपण जे करणार आहोत ते डेडेकिंड यांच्या पद्धतीने.

त्याआधी साध्या पूर्णांकांतलं एक उदाहरण घेऊ, कारण सहाचं कोडं मला त्यातूनच सुटल्यासारखं वाटतं. साठ म्हणजे ४ × १५ आणि ६ × १० सुद्धा. समजा एखाद्याला २, ३ आणि ५ या संख्या दिसतच नाहीत. ४, ६, १०, १५ तेवढ्या दिसतात. त्याला साठचे दोन वेगळे अवयव दिसतील आणि दोन्हीही न फुटणारे वाटतील. आपल्याला दिसतात म्हणून आपण सांगू शकतो, की तुकडे मुळात चार आहेत: २, २, ३, ५. पहिल्या फोडीत दोन दोन एकत्र आणि तीन-पाच एकत्र, दुसरीत दोन-तीन आणि दोन-पाच. तुकडे तेच, जोड्या वेगळ्या. आणि लपलेले तुकडे शोधायचे कसे? मसावि काढून. ४ आणि ६ यांचा मसावि २, ४ आणि १० यांचा २, १५ आणि ६ यांचा ३, १५ आणि १० यांचा ५. दोन फोडी समोरासमोर ठेवायच्या आणि आडवे-उभे मसावि काढायचे.

सहाच्या बाबतीत हेच करू. २ आणि १ + √−५ यांचा मसावि काय? जो कुणी दोघांना भागेल त्याचा नॉर्म ४ लाही भागेल आणि ६ लाही, म्हणजे तो १ किंवा २. नॉर्म २ ची संख्या नाही हे आपण पाहिलं. तेव्हा दोघांना भागणारी संख्या फक्त ±१. सरळ हिशेबाने मसावि १ आला.

पण हा १ खोटा आहे, आणि तो पकडता येतो. साध्या पूर्णांकांत दोन संख्यांचा मसावि १ असेल तर त्यांच्या पटी जोडून १ मिळवता येतो; ५ आणि ७ घेतले तर ३ × ५ − २ × ७ = १. इथे २ च्या आणि १ + √−५ च्या पटी जोडून बघा. २ च्या पटीत √−५ सोबतचा आणि सोबत नसलेला, दोन्ही आकडे सम असतात. १ + √−५ ला क्ष + य√−५ ने गुणलं की येतं

(क्ष − ५य) + (क्ष + य)√−५

आणि या दोन आकड्यांतला फरक ६य. म्हणजे दोन्ही आकडे एक तर सम नाही तर दोन्ही विषम. अशा दोन संख्यांची बेरीजही तशीच राहते. १ म्हणजे १ + ०√−५. एक आकडा विषम, एक सम. तो कधीच मिळणार नाही. दोघांत समाईक असं काही तरी नक्की आहे, फक्त ते या संख्यांमध्ये नाही.

आता डेडेकिंड यांची युक्ती. १२ आणि १८ यांच्या सगळ्या पटी जोडत-वजा करत गेलात तर नेमक्या ६ च्या सगळ्या पटी मिळतात, एकही कमी नाही की जास्त नाही. म्हणजे मसावि ठाऊक नसला तरी त्याच्या पटींचा संच आपल्या हातात असतोच. मग मसावि सापडत नसेल तर न सापडो; त्या संचालाच मसाविच्या जागी बसवू. असा संच, ज्यात बेरीज-वजाबाकी करून बाहेर पडता येत नाही आणि आपल्या वलयातल्या, म्हणजे अ + ब√−५ रूपाच्या सगळ्या संख्यांच्या समूहातल्या, कुठल्याही संख्येने गुणलं तरी आतच राहतो, त्याला आयडियल म्हणतात. (२, १ + √−५) असं लिहिलं की या दोघांच्या पटी जोडून मिळणाऱ्या सगळ्या संख्या, असं वाचायचं. कंसामुळे हा आलेखावरचा बिंदू वाटतो खरा, पण तसा तो नाही. एकाच संख्येच्या पटी असतील तर (६) असं एकट्याचं आयडियल, आणि त्यालाच आता सहाचा प्रतिनिधी धरायचा.

पहिलं आयडियल आपण जवळजवळ शोधलंच आहे. दोनाच्या बाजूचं म्हणून त्याला द म्हणू:

द = (२, १ + √−५)

यात अ + ब√−५ ही संख्या केव्हा असते? अ आणि ब दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तेव्हा. याच्या बाहेर काही जात नाही हे वर झालं. उलट बाजूही सोपी आहे, कारण अशी संख्या ब(१ + √−५) + (अ − ब) अशी लिहिता येते आणि अ − ब सम असतो.

३ आणि १ + √−५ यांच्यासाठी असंच. तोच ६य चा फरक तीननेही भागला जातो, म्हणून इथे अट येते, की अ − ब ला ३ ने भाग गेला पाहिजे. हे त. आणि ३ व १ − √−५ यांच्यासाठी अट आहे, की अ + ब ला ३ ने भाग गेला पाहिजे. हे त′.

त = (३, १ + √−५)
त′ = (३, १ − √−५)

मग द′ कुठे गेलं, असं कुणी विचारेल. २ आणि १ − √−५ यांचं आयडियल म्हणजे पुन्हा द च, कारण १ − √−५ = २ − (१ + √−५), म्हणजे तो द मध्ये आधीच आहे. त आणि त′ मात्र वेगळे. दोन्ही एकच असते तर १ + √−५ आणि १ − √−५ दोन्ही त्यात आले असते, त्यांची बेरीज २ ही आली असती, ३ आहेच, आणि ३ − २ = १ आला असता. १ आला की सगळं वलयच आत आलं. उत्तर लिहिताना बहुतेक घोटाळे इथेच होतात: कुणी द आणि द′ वेगळे धरतं, तर कुणी त चाच वर्ग करून बसतं.

आता गुणाकार. दोन आयडियलांचा गुणाकार म्हणजे एकातली संख्या घेऊन दुसऱ्यातल्या संख्येशी गुणायची आणि असे गुणाकार हवे तितके जोडायचे. बेरीज विसरायची नाही. तिच्याशिवाय पुढचं काही जमत नाही. प्रत्यक्षात कंसातल्या संख्या एकमेकींशी गुणल्या की काम होतं. द चा वर्ग करू:

द² = (४, २ + २√−५, −४ + २√−५)

तिसरी संख्या १ + √−५ चा वर्ग. तिन्हींना २ ने भाग जातो, तेव्हा द² हे (२) च्या आत आहे. खुद्द २ त्यात आहे का? दुसरीतून तिसरी वजा करा, ६ उरतो. त्यातून ४ वजा करा, २ मिळाला. म्हणजे

द² = (२)

ही ओळ पहिल्यांदा स्वतः काढली की बरं वाटतं. जो २ फुटतच नव्हता तो एका वर्गासारखा फुटला. पुढे त आणि त′ यांचा गुणाकार: ९, ३ + ३√−५, ३ − ३√−५ आणि ६. सगळ्यांना ३ ने भाग जातो, आणि ९ − ६ = ३. म्हणून त त′ = (३).

द आणि त यांचा गुणाकार: ६, २(१ + √−५), ३(१ + √−५) आणि (१ + √−५)². सगळ्यांना १ + √−५ ने भाग जातो, कारण ६ हाही त्याचाच गुणाकार आहे. तिसऱ्यातून दुसरी वजा केली की १ + √−५ मिळतो. म्हणून द त = (१ + √−५), आणि चिन्ह बदलून हाच हिशेब केला की द त′ = (१ − √−५).

(६) = द × द × त × त′

साठच्या उदाहरणाशी लावून बघा. द द आणि त त′ अशा जोड्या केल्या तर २ × ३. द त आणि द त′ अशा केल्या तर (१ + √−५)(१ − √−५). भांडणाऱ्या दोन फोडी मुळात एकाच फोडीच्या दोन मांडण्या निघाल्या.

हे चार तुकडे आणखी फुटत नाहीत ना, आणि ‘मूळ’ या शब्दाचा तो दुसरा, महत्त्वाचा गुण त्यांच्यात आहे ना, हे बघायला हवं. त घ्या. प्रत्येक संख्येला अ − ब ची तीनने भागून येणारी बाकी जोडा. असं करणं म्हणजे √−५ च्या जागी −१ ठेवून फक्त तीनच्या बाक्यांकडे बघणं. हे चालतं, कारण −१ चा वर्ग १, आणि −५ ची तीनने भागल्यावरची बाकीही १. म्हणून संख्यांचा गुणाकार केला की बाक्यांचाही गुणाकार होतो. त मध्ये असणं म्हणजे बाकी शून्य असणं. दोन बाक्यांचा गुणाकार तीनच्या हिशेबात शून्य आला तर त्यांतली एक शून्य असावीच लागते, कारण साधा ३ मूळ आहे. झालं, गुणाकार त मध्ये असेल तर दोघांतला एक त मध्ये आहेच. त′ साठी √−५ च्या जागी १ ठेवायचा, द साठी १ ठेवून दोनच्या बाक्या बघायच्या.

यातच उत्तर दडलंय, की त ची जोडी का आणि द एकटाच दोनदा का. क्ष² + ५ ला तीनच्या बाक्यांत १ आणि −१ अशी दोन मुळं आहेत, म्हणून दोन आयडियल. दोनच्या बाक्यांत १ आणि −१ एकच, मूळ एकच पण दुहेरी, म्हणून वर्ग. ११ घेतला तर मूळच नाही, कारण −५ म्हणजे अकराच्या हिशेबात ६, आणि कुठल्याही वर्गाची बाकी तिथे ६ येत नाही. तेव्हा ११ इथेही अखंड मूळ राहतो.

ताळाही करून घ्यावा. द मध्ये दर दोन संख्यांमागे एक, त आणि त′ मध्ये दर तिनांमागे एक. (६) मध्ये यायला अ आणि ब दोघांनाही ६ ने भाग गेला पाहिजे, म्हणजे दर छत्तीसमागे एक. २ × २ × ३ × ३ = ३६. हा आकडा जुळला नाही तर कुठे तरी तुकडा निसटला आहे किंवा दोनदा मोजला गेला आहे, हे लगेच कळतं.

एवढं हातात आलं की एक प्रश्न विचारता येतो, जो आधी विचारणंसुद्धा अवघड होतं: सहाची तिसरी फोड असेल का? द, त, त′ यांपैकी एकही एकट्या संख्येच्या पटींचं आयडियल नाही, नाही तर २ किंवा ३ नॉर्मची संख्या निघाली असती. म्हणून एकेकट्याने ते संख्या म्हणून समोर येऊ शकत नाहीत, जोडीनेच येतात. द, द, त, त′ यांच्या दोन जोड्या करायच्या तर प्रकार दोनच: द बरोबर द, किंवा द बरोबर त मंडळींपैकी एक. चिन्हं सोडली तर सहाच्या फोडी नेमक्या दोन, तिसरी नाही.

नॉर्मवर विसंबून बसलं तर हे इतकं स्वच्छ दिसत नाही. २ − √−५ या संख्येचा नॉर्म ४ + ५ = ९, आणि ९ हा ३६ ला भागतो. मग ती सहाला भागते का? भागाकार केला तर ६(२ + √−५)/९ येतो, पूर्णांक नाही. का नाही, हे आयडियल सांगतं. त चा वर्ग करा: ९, ३ + ३√−५, −४ + २√−५. यातली शेवटची संख्या म्हणजे −२(२ − √−५), पहिली (२ − √−५)(२ + √−५), आणि मधली (२ − √−५)(−१ + √−५). तिन्हींतून २ − √−५ बाहेर येतो, आणि दर नऊमागे एक हा हिशेबही जुळतो; म्हणून त² = (२ − √−५). या संख्येला त दोनदा लागतो, आणि सहाच्या पोटात त एकदाच आहे. जाता जाता ९ चंही कोडं सुटलं: ३ × ३ म्हणजे त त′ × त त′, आणि (२ − √−५)(२ + √−५) म्हणजे त त × त′ त′.

अजून एक शंका राहते, आणि ती मला स्वतःला बरीच वर्षं सुटत नव्हती असं नाही, पण ती सुटते त्या जागी मी आजही रेंगाळतो. द हा ‘नसलेल्या मसाविच्या पटींचा संच’ असं म्हटलं. मग तो मसावि खरोखर कुठे तरी आहे का, की ही नुसती बोलायची रीत? द² = (२) म्हणतंय, की त्या संख्येचा वर्ग २ असावा. मग √२ च का नको? √२ आपल्या वलयात नाही, हे खरं. तरी विचारू, की अ + ब√−५ ला √२ ने भागलं तर केव्हा बीजीय पूर्णांक मिळतो, म्हणजे पहिला सहगुणक १ आणि बाकीचे पूर्णांक असलेल्या समीकरणाचं मूळ. भागाकाराचा वर्ग करून बघितलं की पुरतं:

(अ² − ५ब² + २अब√−५) / २

√−५ चा सहगुणक अब, तो पूर्णांकच आहे. उरलं अ² − ५ब² सम असणं, आणि ते होतं अ, ब दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असताना. हीच द ची अट. म्हणजे द मध्ये आपल्या वलयातल्या नेमक्या त्या संख्या आहेत ज्यांना √२ भागतो. आपण संच गोळा केला तेव्हा √२ चं नावही घेतलं नव्हतं.

त चंही तसंच. द त = (१ + √−५) म्हटल्यावर त च्या जागी (१ + √−५)/√२ असायला हवा. त्याचा वर्ग −२ + √−५, म्हणजे तोही बीजीय पूर्णांक. त′ च्या जागी (१ − √−५)/√२. या दोघांचा गुणाकार ६/२ = ३. √२ आणि हे भागाकारही आत घेतलेल्या मोठ्या वलयात सहा आता उघड फुटतो:

६ = √२ × √२ × (१ + √−५)/√२ × (१ − √−५)/√२

मग थेट मोठ्या वलयातच का राहू नये, आयडियलांची भानगड कशाला? कारण मोठ्या वलयात त्याचे स्वतःचे नवे घोळ असू शकतात. लहान वलयाचं प्रत्येक आयडियल कुठल्या ना कुठल्या मोठ्या वलयात खऱ्या संख्येच्या पटींचं होतंच, पण त्या मोठ्या वलयाच्या आयडियलांबद्दल कुणी हमी दिलेली नसते. पायरी-पायरीने चढत गेलं तर कधी तरी सगळं सुरळीत होईल, ही आशाही १९६४ मध्ये गोलोद आणि शाफारेविच यांनी मोडीत काढली: काही ठिकाणी ही चढण कधी संपतच नाही. आयडियल लहान वलयातच राहून काम भागवतं.

पण आयडियलांची ही पद्धतही वाटेल तिथे लागू पडत नाही. √−५ च्या जागी √−३ घ्या. तिथे

४ = २ × २ = (१ + √−३)(१ − √−३)

असं होतं. नॉर्म अ² + ३ब², चौघांचाही ४, आणि २ नॉर्मची संख्या नाही. दिसायला हुबेहूब तोच प्रकार. मग त्याच वाटेने मसावि काढू: म = (२, १ + √−३), अट पुन्हा तीच, दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. वर्ग केला की येतं ४, २ + २√−३, −२ + २√−३. दोन बाहेर काढला तर आत उरतात २, १ + √−३ आणि −१ + √−३. तिसरी संख्या म्हणजे दुसरी वजा पहिली, तेव्हा आत पुन्हा म च आहे:

म² = (२) म

मघाशी २ मिळाला होता. या वेळी कितीही जोडा-वजा करा, तो मिळत नाही. ताळाही बोंब मारतो: म मध्ये दर दोनामागे एक, म्हणून म² मध्ये दर चारामागे एक हवी, प्रत्यक्षात ती दर आठामागे एक आहे. शिवाय दोन्ही बाजूंचा म खोडला तर म = (२) येतं, आणि ते उघड चूक आहे, कारण १ + √−३ म मध्ये आहे आणि (२) मध्ये नाही.

दोष शोधायला लांब जावं लागत नाही. (१ + √−३)/२ ही संख्या क्ष² − क्ष + १ = ० चं मूळ आहे, म्हणजे ती बीजीय पूर्णांक आहे आणि अ + ब√−३ मधल्याच भागाकाराने मिळते, तरी आपण तिला वलयाबाहेर ठेवलं होतं. √−५ बाबत ही चूक होऊच शकत नव्हती: (१ + √−५)/२ चं समीकरण क्ष² − क्ष + ३/२ = ०, तिथे अपूर्णांक येतो, म्हणून ती संख्या आत घ्यायचा प्रश्नच नव्हता. वर्गमुळाखालच्या आकड्याला चारने भागून बाकी १ उरली (−३ ची उरते, −५ ची ३ उरते) की ही अर्ध्याची संख्या आत घ्यावी लागते, एवढं आधी बघून घ्यावं. ती घेतली की (१ + √−३)/२ आणि (१ − √−३)/२ यांचा गुणाकार १ होतो, म्हणजे दोघांनाही ±१ सारखंच वागवायचं. मग १ + √−३ हा २ चाच चिन्ह बदलल्यासारखा अवतार ठरतो, १ − √−३ ही तसाच, आणि चारची दुसरी फोड म्हणून जी दिसत होती ती २ × २ च निघते.